वाघ नव्हता, अस्वल होतं!

चेहऱ्यावर मोठी खूण असली की लोक बघतातच. ते बघणं कसं झेलायचं, काय बोलायचं, कधी गप्प बसायचं? मोहाच्या झाडाखाली अस्वलाने गाठलेला एक तरुण सांगतोय आपला अनुभव आणि त्या नजरांसाठी केलेली तयारी.

मे महिन्यात चंद्रपुरात मी सगळ्यांसारखा दिसतो.

पारा 46-47 वर गेला की इथे रस्त्यावर चेहरे दिसतच नाहीत. पोरी स्कार्फमध्ये, पोरं दुपट्ट्यात, वरून गॉगल. सिग्नलला उभा असलेला प्रत्येक जण डाकू दिसतो. मीही त्यातलाच एक. मला फार आवडतात ते दोन महिने. मग मृगाचा पाऊस पडतो, सगळ्यांचे दुपट्टे सुटतात आणि माझी पंचाईत होते.

कारण माझ्या चेहऱ्याची डावी बाजू वेगळी आहे. डोळ्याखालून ओठापर्यंत तीन जाड व्रण आहेत. डावी पापणी पूर्ण मिटत नाही. नाकाची एक बाजू बसकी आहे आणि गालावर मांडीची कातडी लावलेली आहे, तिचा रंग काही जुळला नाही.

लोक विचारतात, "वाघ का?" ताडोबा जवळ, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात आधी वाघच. मी म्हणतो, "वाघ नव्हता, अस्वल होतं." खरं सांगतो, काही जणांचा चेहरा चक्क पडतो. जणू मीच काहीतरी कमी केलं!

त्या सकाळी

मी नववीत होतो. एप्रिल महिना. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. मोहाची फुलं रात्रभर गळतात, म्हणून पहाटेच वेचायला जावं लागतं. उशीर केला की गुरं आणि हरणं संपवून टाकतात. अस्वलाचाही तो आवडता खाऊ. आजी एका झाडाखाली वेचत होती, मी टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे गेलो. मान खाली, डोळे फुलांवर.

अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही. खाण्यात गुंतलेलं असलं तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकतं आणि मागच्या दोन पायांवर उभं राहतं. उभ्या अस्वलाच्या पंजासमोर जे येतं ते माणसाचं डोकं आणि तोंड. म्हणून आमच्याकडे अस्वलाने धरलेल्या माणसाच्या खुणा बऱ्याचदा चेहऱ्यावरच असतात. ते माणसाला खायला येत नाही, एक फटका मारून पळून जातं. माझ्याही बाबतीत तेच झालं. आजीच्या ओरडण्याने ते पळालं, असं सगळे सांगतात. मला आठवते ती फक्त लाल माती.

पुढे गडचिरोली, तिथून नागपूर. दीड वर्षात तीन ऑपरेशनं झाली. जखम भरली, टाके निघाले, सगळे म्हणाले, "चला, सुटलास." पण दवाखान्यात जे कुणी सांगितलं नाही ते गावाला परतताना एसटीत कळलं. बस गच्च भरलेली, लोक उभे, आणि माझ्या शेजारची सीट रिकामी.

नजरेत प्रश्न असतो

पहिली काही वर्षं माझ्याकडे दोनच उपाय होते. पहिला म्हणजे लपणं. बारा महिने दुपट्टा, मागचा बाक, खिडकीकडे तोंड. लपण्याची गंमत अशी की त्या दिवसापुरता तो उपाय चालतो. पण जितके दिवस लपावं तितकं दुपट्टा सोडणं अवघड होत जातं. पाणी प्यायला, हजेरी द्यायला, जेवायला तो सोडावा लागतोच. मग ते सोडणं म्हणजे पडदा उघडल्यासारखं होतं आणि सगळे जास्तच बघतात.

दुसरा उपाय म्हणजे भिडणं. चहाच्या टपरीवर एक पोरगा टक लावून बघत होता. मीही त्याच्याकडे तसंच बघितलं. तो म्हणाला, "कायले पाहून राह्यला बे?" मी म्हणालो, "तू कायले पाहून राह्यला?" पुढचं सांगत नाही. घरी गेलो तेव्हा शर्टाला दोन बटणं कमी होती.

तिसरा रस्ता सापडला तो मूल तालुक्यातल्या सोमनाथला. आनंदवनाचा हा प्रकल्प. तिथे दरवर्षी मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते, राज्यभरातून तरुण येतात. बारावीनंतर एका मित्राने मला ओढून नेलं. छावणीत दुपट्टा बांधून घमेली उचलता येत नाहीत, म्हणून तो सुटला. तिथे एक म्हातारे बाबा भेटले. कुष्ठरोगातून बरे झालेले. भुवया नव्हत्या, नाक बसलेलं, बोटं आखूड. संध्याकाळी ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि सरळ म्हणाले, "तोंडाले का झालं गा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तुह्यं बरं हाय. तुले पाहून लोकायले वाटते, दुखत असंल का. मले पाहून वाटते, मले होईल का."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही वापरतो. लोकांच्या नजरेत एक प्रश्न असतो. सगळ्यांचा एकच नसतो. तो कुठला ते ओळखायचं आणि तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. त्यांच्याकडे बघणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा संसर्गाचा. म्हणून त्यांचं उत्तर ठरलेलं, "औषध पूर्ण झालं, आता रोग नाही. ह्या फक्त खुणा." माझ्याकडे बघणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. लहान पोरांचा प्रश्न, दुखतं का? म्हाताऱ्यांचा, कुणाचा पोरगा, काय झालं? आणि शहरातल्या अनोळखी माणसाचा प्रश्न मला बराच उशिरा कळला. व्रण बघून त्याला वाटतं, हा भांडणातला, चाकू-बिकू वाला तर नाही?

त्याच छावणीत बाबा आमटेंची गोष्ट पुन्हा ऐकली. पाठ्यपुस्तकात होती, पण तेव्हा माझा चेहरा वेगळा होता. बाबा वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष असताना मैला वाहण्याचं काम स्वतः करून बघत होते. एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याच्या कडेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने झडत आलेला, शेवटच्या अवस्थेतला. आणि बाबा घाबरून पळाले! कशालाच न भिणारा माणूस एका शरीराला भिऊन घरी पळाला. ही भीतीच त्यांना सोसवेना. ते परत गेले, त्याच्या डोक्यावर आडोसा केला, त्याला भरवलं, शेवटपर्यंत सांभाळलं. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती सुरू झाली त्यामागे ती रात्र आहे.

मला या गोष्टीतला पळण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. बाबा आमटे पळाले, तर एसटीतल्या काकूंनी सीट बदलली म्हणून मी किती दिवस रडायचं? दचकणं हाताबाहेरचं असतं. माणूस कसा आहे ते त्यानंतर तो काय करतो यावरून कळतं.

व्रण पुसला, तरी नजर दिसली

कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांनी एक प्रयोग सांगितला होता. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेन्टा या अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा, 1980 साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी काही जणांच्या गालावर मेकअपने मोठा व्रण काढला आणि आरसा दाखवला. मग "रंग तडकू नये म्हणून जरा क्रीम लावतो" असं सांगून तो व्रण गुपचूप पुसून टाकला. या लोकांना ते माहीत नव्हतं. त्यांना एका अनोळखी माणसाशी बोलायला पाठवलं. परत आल्यावर ते म्हणाले, समोरचा व्रणाकडेच बघत होता, अवघडला होता. गालावर काहीच नव्हतं!

हे ऐकून मला आधी राग आला. म्हणजे आम्हाला भास होतो, असंच ना? पण सरांनी दुसरी बाजूही सांगितली. इंग्लंडमध्ये निकोला रम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर प्रत्यक्ष मोजून बघितलं. चेहऱ्यावर खूण असलेल्या माणसापासून लोक जास्त अंतर ठेवून उभे राहत होते, आणि उभे राहताना खूण नसलेली बाजू निवडत होते. म्हणजे रिकामी सीट खरी आहे, तो भास नाही. पण प्रत्येक नजर माझ्या व्रणामुळेच आहे, हे मात्र खरं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मग मी माझाच एक प्रयोग केला. गडचिरोली ते चंद्रपूर, व्याहाड-सावली-मूल मार्गे एसटी, दुपट्टा न बांधता. वहीत रेघा मारत गेलो. बसमध्ये चाळीसेक माणसं होती. चढल्यावर मला वाटलं, सगळी बघतायत. रेघा मोजल्या तेव्हा माझ्याकडे नीट बघणारे भरले 11. त्यातल्या सात जणांनी दोन सेकंदांत मान वळवली. तिघांनी पुन्हा पुन्हा बघितलं. एक आजी सावलीपर्यंत बघतच होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बाबू, तुमी आमच्या गावच्या मास्तरचे का?" त्या व्रण बघतच नव्हत्या, ओळख लावत होत्या!

चाळीसपैकी 11 कमी नाहीत. पण माझ्या डोक्यात चाळीसच्या चाळीस होते. उरलेल्या 29 जणांच्या नजरांचं ओझं मी विनाकारण वाहत होतो.

तीन वाक्यांचं उत्तर

आता उरले ते 11. त्यांच्यासाठी तयारी लागते.

ब्रिटनमध्ये जेम्स पार्ट्रिज नावाचा माणूस होता. 1970 मध्ये, 18 वर्षांचा असताना गाडीला लागलेल्या आगीत त्याचा चेहरा भाजला. पुढे 1992 मध्ये त्याने अशाच लोकांसाठी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. तिथे शिकवतात ती पद्धत साधी आहे. थोडक्यात सांगा, धीर द्या, विषय बदला. पार्ट्रिजचं म्हणणं सोमनाथच्या बाबांच्या म्हणण्याशी इतकं जुळतं की मला हसू आलं. दोघं कधी भेटले नसणार.

माझं उत्तर असं आहे. "लहानपणी अस्वलाने पंजा मारला. आता दुखत नाही. तुम्ही कुठे उतरणार?"

यातलं तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, हे मला ठेच लागून कळलं. सुरुवातीला मी दोन वाक्यं बोलून थांबायचो. थांबलो की पुढचा प्रश्न यायचा. मग कुठलं जंगल, किती टाके, किती पैसे मिळाले, लग्नाचं काय. एकदा मूल स्टँडवर मी अख्खी गोष्ट सांगितली. दहा-बारा माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला, "जरा इकडे वळ गा, ह्यायले दिसू दे." त्या दिवशी ठरवलं, गोष्ट माझी आहे, किती उघडायची ते मी ठरवणार. तिसरं वाक्य म्हणजे दाराची कडी. ते प्रश्नाच्या रूपात असलं की समोरचा त्याचं उत्तर द्यायला लागतो आणि बोलणं साध्या रस्त्याला लागतं.

लहान पोरांसाठी उत्तर आणखी छोटं. "अस्वलाने ओरखडलं. आता बरं आहे. तू कितवीत?" आई पोराला दटावते, "बघू नको तिकडे!" तेव्हा मला जास्त लागतं. पोरगं नुसतं विचारत असतं. आईच्या दटावण्यातून ते शिकतं की असा चेहरा म्हणजे काहीतरी वाईट. म्हणून आईने दटावायच्या आत मी उत्तर देऊन टाकतो.

एक सूचना. ही वाक्यं नुसती मनात ठेवून चालत नाही. गर्दीत घसा कोरडा पडतो, तेव्हा पाठ असलेलंच तोंडातून येतं. मी ती आरशासमोर म्हटली, मग मित्रासमोर म्हटली. त्याला सांगितलं, तू आगाऊ म्हातारा हो, तू रडकं पोरगं हो. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण वाक्यं तोंडात बसली.

हसलो तरी रागावलेला

माझ्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. पंजाने गालातली नसही तुटली. चेहरा हलवणाऱ्या नसेची ती फांदी, त्यामुळे डावा ओठ वर जात नाही. मी हसतो तेव्हा अर्धाच हसतो, आणि समोरच्याला ते कुत्सित वाटतं. अभ्यासिकेत एक मुलगी मला महिनाभर गर्विष्ठ समजत होती. तिनेच नंतर सांगितलं.

कॅथलीन बोगार्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांना जन्मापासून चेहऱ्याचा पक्षाघात आहे आणि त्यांचा अभ्यासही याच विषयावर आहे. चेहरा जे सांगू शकत नाही ते आवाज, हात आणि शब्द यांच्यातून सांगता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मी ते उचललं. आधी मी मान डोलावून काम भागवायचो, आता "नमस्कार, बसू का इथे?" असं मोकळ्या आवाजात म्हणतो. गंमत वाटली तर "भारी आहे हे!" असं तोंडाने म्हणतो, कारण चेहऱ्यावरून ते कुणाला कळणार नाही. शहरातल्या अनोळखी माणसाचा तो चाकूवाला संशय आवाज ऐकला की बहुतेक वेळा विरघळतो. आवाज चढा असला तर मात्र उलटं होतं.

जिथे वाक्यं पुरत नाहीत

एवढं सगळं सांगितलं, पण याला मर्यादा आहे. पदवीनंतर मी एका मोबाईलच्या दुकानात कामाला लागलो. काउंटरचं काम ठरलं होतं. आठ दिवसांनी मालक म्हणाले, "तू मागे रिपेअरिंगले बस, गिऱ्हाईक बिचकतात." मी आठ दिवसांत विकलेल्या फोनचा हिशोब दाखवला. तो दुसऱ्या पोरापेक्षा कमी नव्हता. मालकांनी हिशोबाकडे बघितलंच नाही. इथे माझी तीन वाक्यं काय करणार? हा नजरेचा प्रश्न नव्हता, अन्यायाचा होता. मी ती नोकरी सोडली.

कायद्याचं चित्रही अर्धवट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ॲसिड हल्ल्यात चेहरा बिघडलेले त्यात आहेत, कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत. पण अस्वलाने, आगीने किंवा अपघाताने चेहरा बिघडला, तर केवळ तेवढ्यावरून त्यात जागा नाही. डोळा गेला, हात गेला, तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात मात्र चेहऱ्यावरचं गंभीर व्यंग थेट धरलं जातं, मग ते कशानेही आलेलं असो. आपल्याकडे फौजदारी कायदा चेहरा कायमचा विद्रूप होण्याला 'गंभीर दुखापत' मानतो. दुखापत गंभीर, पण नंतरचं जगणं मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि शेवटचं. रोज उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. डोकं दुखत असतं, पेपर अवघड गेलेला असतो, घरून फोन आलेला असतो. अशा दिवशी मी हेडफोन लावतो आणि खिडकीतून शेतं बघतो. पूर्वीचं लपणं आणि हे यात फरक काय, ते मी एकाच प्रश्नाने ओळखतो. मला जिथे जायचं होतं तिथे मी गेलो का? गेलो, तर तो आराम होता. गेलोच नाही, तर ते लपणं होतं.

यंदाच्या जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा मी वरोरा नाक्यावर होतो. सगळ्यांनी दुपट्टे सोडले, मीही सोडला. शेजारच्या गाडीवरचा पोरगा बघतच राहिला. मी म्हणालो, "अस्वल होतं भाऊ. आता बरं आहे. पाऊस मस्त आला ना?"

तो म्हणाला, "हो ना यार, लय उकडत होतं."

सिग्नल सुटला. आम्ही आपापल्या रस्त्याने निघालो.

चौकट : तुम्ही बघणारे असाल तर...

* नजर गेली तर गेली. झटकन मान फिरवू नका. नजरानजर झालीच तर सहज मान हलवा, हसा आणि आपल्या कामाला लागा.
* ओळख नसताना "काय झालं?" हा पहिला प्रश्न नको. आधी दुसरं काही बोला. सांगायचं असेल तर ती व्यक्ती स्वतः सांगेल.
* "बिचारा", "देवाची मर्जी", "अमुक तेल लावून बघ" हे टाळा. प्लास्टिक सर्जरीचा सल्लाही नको, ती बहुधा होऊन गेलेली असते.
* पोराने मोठ्याने विचारलं तर त्याला दटावू नका. "त्यांना लागलं होतं, आता ते बरे आहेत" एवढं सांगा.
* चोरून फोटो काढू नका. ते आम्हाला कळतं.
* आणि बसमध्ये शेजारची सीट रिकामी दिसली, तर बसा.